फ्रीलान्सरचं कर-वर्ष: हप्ते, रिटर्न आणि कागदपत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनुवादक, सबटायटल करणारे, चित्रकार, कोड लिहिणारे, संपादक अशा स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मंडळींचे हिशेब बघताना दरवर्षी त्याच त्या शंका येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणातले आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आणि नव्या कर प्रणालीतले आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. ॲडव्हान्स टॅक्सच्या चार तारखा मात्र त्याच राहिल्या. जुने क्रमांक अजून सगळ्यांच्या तोंडात आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

नोकरीत असताना जुलैमध्ये रिटर्न भरलं की विषय संपायचा. आता वेगळं काय?

नोकरीतही कर दर महिन्याला जातच होता, फक्त तो कापण्याचं काम कंपनी करायची. आता ते तुमच्याकडे आलं. वर्षाचा अंदाजे कर, त्यातून कापला गेलेला टीडीएस वजा करून, 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त निघत असेल तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरावा लागतो. त्यालाच ॲडव्हान्स टॅक्स म्हणतात. जुलैत भरायचं ते रिटर्न, म्हणजे झालेल्या वर्षाचा हिशेब. सगळा करच तेव्हा भरू म्हणून थांबलात तर तोवर व्याजाचं मीटर बरंच पळालेलं असतं.

मला हप्ते किती? कुणी एक सांगतं, कुणी चार.

दोघंही बरोबर सांगतात, पण वेगवेगळ्या लोकांबद्दल. तुमचं कॅलेंडर कसं दिसणार हे या एका उत्तरावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

कलम 44 एडीए खाली काही ठरावीक व्यवसायांना सोपी वाट दिली आहे. वर्षाला आलेल्या रकमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, खर्चाचा वेगळा हिशेब द्यायचा नाही आणि ॲडव्हान्स टॅक्स एकाच हप्त्यात, 15 मार्चपर्यंत भरायचा. मर्यादा वर्षाला 50 लाखांची आहे. रोखीने आलेली रक्कम एकूण जमेच्या 5 टक्क्यांच्या आत असेल तर ती 75 लाखांपर्यंत जाते. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, माहिती तंत्रज्ञानातले लोक आणि चित्रपट कलावंत या यादीत येतात. चित्रपटवाल्यांत दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक, गायक, गीतकार, पटकथा आणि संवाद लिहिणारेही धरलेले आहेत.

आता यादीत कोण नाही ते बघा. पुस्तकांचा अनुवादक नाही. मासिकासाठी चित्रं काढणारी नाही. कंटेंट लिहिणारा नाही. ग्राफिक डिझाइन करणारे काही जण स्वतःला 'तांत्रिक सल्लागार' या खणात बसवतात, काही जण छोट्या धंद्यांसाठी असलेल्या कलम 44 एडी खाली धंदा म्हणून दाखवतात. विभागाने प्रश्न विचारला तर हे ठामपणे मांडता आलं पाहिजे. तुमच्या कामाचं स्वरूप, तुमची बिलं, तुमचे करार घेऊन आपल्या सीएशी एकदा बसा आणि निर्णय लिहून ठेवा. 'मित्राने तसं भरलं होतं' हे विभागापुढे उत्तर होत नाही.

यादीत नसाल तर खरा नफा काढायचा, म्हणजे जमा वजा खर्च, आणि हप्ते चार. 15 जूनपर्यंत वर्षाच्या कराच्या 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण 45, 15 डिसेंबरपर्यंत एकूण 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. सप्टेंबरमध्ये नव्याने 45 टक्के भरायचे नाहीत, आधीचे 15 धरून 45 करायचे.

वर्षभरात किती काम येणार हे मलाच माहीत नाही. जूनमध्ये अंदाज बांधायचा कसा?

एका उदाहरणाने बघू. कोल्हापुरात राहणारी, पुस्तकांचा आणि सबटायटलचा अनुवाद करणारी एक बाई धरा. अनुवाद 44 एडीएच्या यादीत नाही, त्यामुळे तिला हप्ते चार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मागच्या वर्षाची वही उघडते आणि हातात असलेल्या कामांची यादी करते. भारतातल्या प्रकाशक आणि स्टुडिओंकडून 4 लाख येतील असं दिसतं. ते 10 टक्के टीडीएस कापतात, म्हणजे 40,000 आधीच जमा होणार. परदेशातल्या एजन्सीकडून 13 लाख येतील, त्यावर काहीच कापलं जाणार नाही. एकूण 17 लाख. इंटरनेट, सॉफ्टवेअर, कामाच्या खोलीचं भाडं, मदतनिसाचं मानधन, लॅपटॉपचा घसारा मिळून खर्च 3 लाख. नफा 14 लाख.

नव्या प्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही. 4 ते 8 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, 8 ते 12 लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000 आणि वरच्या 2 लाखांवर 15 टक्क्यांनी 30,000. बेरीज 90,000, त्यावर 4 टक्के सेस 3,600, एकूण 93,600. टीडीएसचे 40,000 वजा केले की हप्त्यांनी भरायचे उरतात 53,600.

मग जूनमध्ये 8,040. सप्टेंबरमध्ये 16,080, म्हणजे एकूण 24,120. डिसेंबरमध्ये पुन्हा 16,080, एकूण 40,200. आणि मार्चमध्ये उरलेले 13,400. दर हप्त्याआधी अर्धा तास काढून अंदाज पुन्हा करायचा. जूनचा अंदाज जूनपुरताच असतो.

एक सांगून ठेवते: पगारदारांना मिळणारी 75,000 ची प्रमाणित वजावट फ्रीलान्सच्या उत्पन्नाला नाही. इंटरनेटवरची बरीच कर-गणकं ती आपोआप वजा करतात आणि अंदाज तिथेच कोसळतो.

आणि मध्येच मोठं काम आलं तर?

आपल्या अनुवादिकेला जानेवारीत परदेशातून आणखी 2 लाखांचं काम मिळालं आणि त्याचे पैसेही आले. नफा 16 लाख झाला. कर आता 1,24,800, त्यातून टीडीएस वजा जाता 84,800. तिने डिसेंबरपर्यंत 40,200 भरले होते, म्हणून 15 मार्चच्या आत 44,600 भरले. झालं का? जवळजवळ.

हप्ता कमी पडला की लागणारं कलम 234 सी चं व्याज वर्षाच्या शेवटी ठरलेल्या करावर मोजतात. जूनमध्ये तुम्हाला काय माहीत होतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. शेअर विकून झालेला नफा किंवा लाभांश अचानक आला तर कायदा सूट देतो, व्यवसायाचं उत्पन्न अचानक वाढलं तर देत नाही. मला हा नियम फ्रीलान्सरवर अन्याय करणारा वाटतो, पण आहे तो असा आहे.

तेव्हा 84,800 चे 15 टक्के म्हणजे 12,720 जूनमध्ये हवे होते, भरले 8,040. तूट 4,680. शंभराच्या खालची रक्कम सोडून 4,600 वर तीन महिन्यांचं, महिना 1 टक्क्याने, व्याज 138 रुपये. सप्टेंबरपर्यंत 38,160 हवे होते, भरले 24,120. 14,000 वर 420 रुपये. डिसेंबरपर्यंत 63,600 हवे होते, भरले 40,200. 23,400 वर 702 रुपये. मार्चची तूट शून्य. एकूण व्याज 1,260 रुपये.

जूनच्या आणि सप्टेंबरच्या हप्त्यांना थोडी ढील आहे. 15 च्या जागी निदान 12 टक्के आणि 45 च्या जागी निदान 36 टक्के भरले असतील तर त्या हप्त्याचं व्याज लागत नाही. डिसेंबर आणि मार्चला ही सवलत नाही. म्हणून अंदाज डळमळीत असेल तर पहिल्या दोन हप्त्यांत चार पैसे जास्त टाकलेले बरे. जास्त गेलेले रिटर्ननंतर परत मिळतात.

मी हप्ते भरलेच नाहीत आणि सगळं जुलैमध्ये भरलं, तर किती बसतं?

तीच बाई, तोच 84,800 चा कर, पण वर्षभरात एकही चलन नाही आणि 25 जुलैला सगळी रक्कम भरून रिटर्न. आता 234 सी चं व्याज जूनचे 381, सप्टेंबरचे 1,143, डिसेंबरचे 1,908 आणि मार्चच्या तुटीवर एका महिन्याचे 848, मिळून 4,280. याशिवाय कलम 234 बी. 31 मार्चपर्यंत 90 टक्के कर भरलेला नसेल तर 1 एप्रिलपासून दर महिन्याला 1 टक्का, आणि महिन्यातला एक दिवसही पूर्ण महिना धरतात. एप्रिल ते जुलै चार महिने, 3,392 रुपये. दोन्ही मिळून 7,672.

हे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही.

15 मार्च हुकली तरी 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्सच धरली जाते. मार्चच्या हप्त्याचं एक महिन्याचं व्याज लागतं, पण 234 बी टळतं. म्हणून '15 तारीख गेली, आता जुलैत बघू' असं करू नका.

माझं फ्रीलान्सिंगचं पहिलंच वर्ष आहे. नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली. जूनचा हप्ता कसा भरणार होतो मी?

इथे कायदा शहाणपणाने वागतो. व्यवसायाचं उत्पन्न तुम्हाला पहिल्यांदाच होत असेल तर त्यामुळे आधीच्या हप्त्यांत पडलेल्या तुटीवर 234 सी लागत नाही. अट एवढीच की उरलेल्या हप्त्यांत, आणि हप्ता उरलाच नसेल तर 31 मार्चपर्यंत, त्यावरचा पूर्ण कर भरलेला असावा. ही सवलत पहिल्या वर्षापुरतीच.

नोकरी चालू आहे आणि संध्याकाळी थोडी बाहेरची कामं करतो. मलाही हप्ते?

नियम तुम्हालाही आहेच. पण तुम्हाला एक सोपी सोय आहे. बाहेरच्या कमाईचा अंदाज कंपनीच्या पगार विभागाला कळवा आणि पगारातून जास्त टीडीएस कापायला सांगा. तो पुरेसा कापला गेला की हप्त्यांची कटकट नाही. बाहेरचं काम कंपनीला कळवणं अडचणीचं असेल तर मात्र चलनं आपली आपण भरा.

माझे सगळे ग्राहक 10 टक्के कापतात. तरी ॲडव्हान्स टॅक्स लागेल?

बहुधा नाही. टीडीएस पूर्ण बिलावर कापतात आणि कर नफ्यावर लागतो, त्यामुळे फक्त भारतीय कंपन्यांसाठी काम करणाऱ्या बऱ्याच जणांना उलट परतावाच मिळतो. नव्या प्रणालीत नफा 12 लाखांच्या आत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि कापलेले सगळे पैसे परत येतात, अर्थात रिटर्न भरलं तरच.

अडकतात ते परदेशी एजन्सी, वैयक्तिक ग्राहक किंवा लहान रकमांवर काम करणारे. 1 एप्रिल 2025 पासून व्यावसायिक शुल्कावर टीडीएस कापण्याची मर्यादा वर्षाला 30,000 वरून 50,000 झाली. दहा लहान ग्राहकांचं काम करणाऱ्याचा टीडीएस त्यामुळे घटला आणि हप्ता वाढला.

एक फसवी गोष्ट: ग्राहकाने टीडीएस कापायला हवा होता पण न कापता पूर्ण पैसे दिले, तर 'कापायला हवा होता' तेवढी रक्कम तुम्हाला हप्त्यातून वजा करता येत नाही.

चलन भरताना वर्ष कुठलं निवडायचं?

आयकराच्या पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जा, आयकर निवडा, आणि प्रकार Advance Tax, म्हणजे कोड 100. रिटर्नच्या वेळी उरलेला कर भरताना प्रकार Self-Assessment Tax, कोड 300. इथपर्यंत सोपं आहे.

घोळ वर्षाचा होतो. जुन्या कायद्यात कमाईच्या वर्षाचं 'कर निर्धारण वर्ष' पुढचं असायचं. 2025-26 मध्ये कमावलेल्या पैशांचं कर निर्धारण वर्ष 2026-27. नव्या कायद्यात ही जोडी गेली आणि एकच 'कर वर्ष' आलं. म्हणजे 1 एप्रिल 2026 नंतर कमावलेल्या पैशांचं कर वर्षही 2026-27. आकडे तेच, पैसे वेगळ्या वर्षांचे. जून 2026 मध्ये तुम्ही नव्या वर्षाचा पहिला हप्ता भरणार आणि जुलैत जुन्या वर्षाचा उरलेला कर, आणि दोन्हीकडे 2026-27 दिसणार. एक कायदा 1961 चा, दुसरा 2025 चा, हे पाहिल्याशिवाय पैसे देण्याचं बटण दाबू नका.

चुकलंच तर त्याच दिवशी पोर्टलवरच्या चलन दुरुस्तीच्या सोयीत जा. वर्षाच्या दुरुस्तीला मुदत फार थोडी असते. चलनाची पीडीएफ उतरवून घ्या आणि दोन-चार दिवसांनी, तुमच्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म 26 एएस मध्ये रक्कम दिसते का बघा.

15 तारीख रविवारी आली तरी ऑनलाइन चलन भरता येतं. 15 मार्च 2026 रविवारीच होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल गोगलगाईसारखं चालतं, तेव्हा 12-13 तारखेला उरकलेलं बरं.

मार्चचं बिल दिलं, पैसे एप्रिलमध्ये आले, पण टीडीएस मार्चमध्ये दिसतो. हे उत्पन्न कुठल्या वर्षाचं?

तुम्ही हिशेब कसा ठेवता त्यावर. बिल दिलं त्या दिवशी उत्पन्न धरत असाल तर मार्चचं, पैसे आले त्या दिवशी धरत असाल तर एप्रिलचं. फ्रीलान्सर बहुतेक दुसरी पद्धत वापरतात आणि ते चालतं, फक्त दरवर्षी तीच वापरायची. यंदा सोयीचं म्हणून ही, पुढच्या वर्षी ती, असं चालत नाही.

मात्र कंपनी बिल मार्चच्या वहीत घेते आणि टीडीएसही मार्चचा दाखवते. तुमच्या 26 एएस मध्ये 60,000 चं बिल आणि 6,000 चा टीडीएस मार्चमध्ये, पैसे बँकेत 9 एप्रिलला. अशा वेळी तो टीडीएस यंदा मागायचा नाही. ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्या वर्षी त्याचं श्रेय मिळतं. रिटर्नमधल्या टीडीएसच्या तक्त्यात पुढे नेण्याचा रकाना आहे, तिथे ते 6,000 टाका आणि पुढच्या वर्षी 60,000 उत्पन्नासह वापरा. हा रकाना रिकामा सोडून टीडीएस यंदाच घेतला, की उत्पन्न आणि टीडीएस जुळत नाहीत म्हणून नोटीस येते. मार्चची बिलं म्हणून वेगळी अधोरेखित करून ठेवावीत.

रिटर्न एप्रिलमध्येच भरून मोकळं का होऊ नये?

कारण तुमचा टीडीएस तेव्हा पूर्ण दिसत नसतो. मार्चचा टीडीएस कंपनीने भरायची मुदत 30 एप्रिल आणि जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण देण्याची 31 मे. त्यानंतर 26 एएस आणि एआयएस, म्हणजे पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, आकडे येतात आणि 15 जूनपर्यंत तुम्हाला फॉर्म 16 ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मिळायला हवा. जूनचा दुसरा पंधरवडा रिटर्नची तयारी सुरू करायला चांगला.

वर्षानुवर्षं ऑडिट नसलेल्यांची तारीख 31 जुलै राहिली. 2025 मध्ये ती वाढून 15 सप्टेंबर आणि शेवटी 16 सप्टेंबर झाली. 2026 च्या अर्थसंकल्पात ऑडिट नसलेल्या व्यवसायवाल्यांसाठी ती 31 ऑगस्टवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला. भरताना पोर्टलवर त्या वर्षाची तारीख बघाच, पण मनात 31 जुलै धरा. कर बाकी असेल तर 234 बी चं मीटर तसंही चालू असतं, मुदत वाढल्याने ते थांबत नाही.

44 एडीए वापरणाऱ्यांना बहुधा आयटीआर-4, खरा नफा दाखवणाऱ्यांना आयटीआर-3. भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा. ते राहिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतं.

जुनी कर प्रणाली हवी असेल तर फॉर्म 10-आयईए रिटर्नच्या मुदतीच्या आत भरावा लागतो. पगारदार दरवर्षी इकडून तिकडे जाऊ शकतात. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला जुनीत गेल्यावर नवीत परतायची संधी एकदाच आहे.

मुदत चुकली तर?

31 डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. शुल्क 5,000 रुपये, एकूण उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1,000. कर बाकी असेल तर त्यावर कलम 234 ए चं महिना 1 टक्का वेगळं. शुल्कापेक्षा मोठं नुकसान दुसरंच असतं: व्यवसायात तोटा झाला असेल तर तो पुढच्या वर्षी वजा करायला नेता येत नाही, आणि जुनी प्रणालीही निवडता येत नाही.

महाराष्ट्रात आणखी काही भरावं लागतं?

व्यवसाय कर. नोकरीत तो पगारातून जायचा. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने राज्याच्या जीएसटी विभागाकडे नावनोंदणी करून, म्हणजे पीटीईसी घेऊन, वर्षाला 2,500 रुपये 30 जूनपर्यंत भरायचे. रक्कम लहान आहे म्हणूनच लोक विसरतात आणि काही वर्षांनी थकबाकी व्याजासकट येते.

20 लाखांच्या आत आहे, मग जीएसटीचा विचार सोडून देऊ?

आत आहात तोवर हो, पण बेरीज नीट करा. सेवा देणाऱ्यांची मर्यादा आर्थिक वर्षाला 20 लाख आहे आणि ती नफ्यावर नाही, एकूण उलाढालीवर मोजतात. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात असते, तिच्यावर कर शून्य, पण ती या 20 लाखांत धरतात. आपली अनुवादिका 19 लाखांवर थांबली. मार्चमध्ये सव्वा लाखाचं आणखी एक बिल असतं तर 30 दिवसांत नोंदणी करावी लागली असती. म्हणून डिसेंबरचा हप्ता काढताना वर्षाची उलाढालही मोजा.

नोंदणी झाल्यावर परदेशी बिलांवर कर न लावण्यासाठी एलयूटी, म्हणजे एक हमीपत्र, भरावं लागतं आणि ते एका आर्थिक वर्षापुरतंच चालतं. मार्चअखेरीस पुढच्या वर्षाचं भरून टाका. मग रिटर्नही महिन्याची किंवा तिमाहीची सुरू होतात, बिल एकही नसलं तरी.

कुठले कागद ठेवायचे आणि किती वर्षं?

एका तक्त्यात, प्रत्येक बिलाला एक ओळ: बिल क्रमांक, तारीख, ग्राहक, बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस, बँकेत आलेली रक्कम, आल्याची तारीख. 60,000 चं बिल, 6,000 टीडीएस, बँकेत 54,000. उत्पन्न 60,000. पासबुकावरून हिशेब करणारे 54,000 लिहितात, मग 26 एएस शी जुळत नाही आणि शोधाशोध सुरू होते.

परदेशी बिलातही तेच. पैसे पाठवणाऱ्या सेवेने कापलेली फी हा तुमचा खर्च आहे. उत्पन्न पूर्ण बिलाचं लिहा, फी खर्चात टाका आणि परदेशातून रक्कम आल्याची बँकेची पावती त्या बिलाच्या पीडीएफशेजारी ठेवा. ही पावती दोन वर्षांनी बँकेकडून मागवणं हा वैताग असतो.

खर्चाची बिलं तुमच्या नावाची हवीत. एका माणसाला एका दिवसात 10,000 पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही. घरातूनच काम असेल तर वीज, भाडं, इंटरनेट यांचा कामापुरता वाटा धरा आणि तो कसा काढला हे दोन ओळींत लिहून ठेवा. थर्मल कागदाच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या फटक होतात, घेतल्या त्याच दिवशी फोटो काढा.

कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवायची हा धरून चालायचा हिशेब. 2025-26 ची कागदपत्रं म्हणजे मार्च 2033 पर्यंत. 44 एडीएवाल्यांना खर्चाची वही लागत नाही, पण बिलं आणि बँकेची विवरणं ठेवावीच लागतात, नाहीतर जमा किती झाली हेच सिद्ध होत नाही.

नवा लॅपटॉप घ्यायचाय. मार्चमध्ये घेतला तर कर वाचेल ना?

वाचेल, पण निम्माच. लॅपटॉपची पूर्ण किंमत त्या वर्षी खर्चात जात नाही, 40 टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरला तर 20 टक्के. 90,000 चा लॅपटॉप ऑगस्टमध्ये घेऊन वापरायला काढला तर 36,000 वजा होतात, मार्चमध्ये घेतला तर 18,000. बाकीची रक्कम पुढच्या वर्षांत थोडी थोडी मिळते. लीप वर्ष नसेल तर 3 ऑक्टोबरला वापरात आणलेल्या वस्तूचे बरोबर 180 दिवस भरतात. तेव्हा घ्यायचाच असेल तर सप्टेंबरच्या हप्त्याचा अंदाज करताना ठरवा. 44 एडीएमध्ये असाल तर हा प्रश्न तुमच्यासाठी नाहीच, निम्म्या खर्चात घसारा धरलेला आहे. तेव्हा जुना बंद पडेल त्या दिवशी नवा घ्या.